एकाच कढईतले तूप, दोन घरांत दोन वास

माझ्याकडून घरचे तूप नेहमी नेणाऱ्या सगळ्यांसाठी, आणि कोणाकडूनही असे तूप घेणाऱ्यांसाठी, हे लिहिते आहे. निमित्त झाले डिंकाच्या लाडवांचे.

मी वडोदऱ्यात राहते. इथल्या मराठी घरांतून आणि शेजारच्या गुजराती घरांतूनही माझ्याकडे तुपाची मागणी असते. गेल्या एप्रिलमध्ये सहा किलो लोणी कढवले, त्याचे साधारण साडेचार किलो तूप झाले. अर्ध्या अर्ध्या किलोच्या आठ बरण्या भरल्या आणि उरलेले घरात ठेवले. पाच आठवड्यांनी एका वहिनींचा फोन आला. आवाज पडलेला होता. मुलगी बाळंत होऊन माहेरी आली होती. तिच्यासाठी वहिनींनी दीड किलोचे डिंकाचे लाडू केले होते. डिंक, खारीक, बदाम, खोबरे, सगळे महागामोलाचे. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर खवट वास. “तुमचं तूप यावेळी बिघडलेलं होतं हो,” त्या म्हणाल्या.

मला राग नाही आला, भीती वाटली. त्याच कढईतले तूप आणखी सात घरांत गेले होते. त्यात एका घरी सहा महिन्यांचे बाळ होते आणि त्याच्या आसट भातावर तेच तूप पडत होते.

सुदैवाने मला एक सवय आहे. प्रत्येक वेळच्या तुपातले थोडे एका छोट्या बाटलीत भरून, वर तारीख लिहून, फडताळाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवते. घरगुती तूप विकणाऱ्या प्रत्येकीने ही बाटली ठेवावी. तक्रार आली की निवाडा तीच करते. मी ती उघडली, चमचाभर तूप कोमट केले, हुंगले. स्वच्छ, गोडसर, किंचित भाजल्यासारखा नेहमीचा वास. मग पलीकडच्या सोसायटीतल्या काकूंकडे जाऊन त्यांची बरणी पाहिली. तीही उत्तम. आता वहिनींच्या घरी जाणे भाग होते.

शंका प्रथम खोबऱ्यावरही घ्यायला हवी होती, कारण जुने सुके खोबरे आणि जुने बदाम हे तुपाइतकेच खवट होतात. वहिनींकडे थोडे खोबरे उरले होते. ते चावून पाहिले, बदाम चावून पाहिला. दोन्ही ताजे. मग बरणी पाहिली आणि उत्तर तिथेच होते.

बरणी गॅसच्या अगदी वरच्या मांडणीवर, फोडणीच्या डब्याशेजारी होती. पारदर्शक काच, आणि सकाळचे ऊन खिडकीतून तिच्यावर पडत होते. मध्ये खड्डा पडेपर्यंत तूप काढलेले, कडांना चारी बाजूंनी पातळ थर चिकटलेला. झाकण नुसते वर ठेवलेले, त्याच्या आतल्या बाजूला बारीक थेंब. तुपात एक चमचा कायम रुतवलेला. कडेचे तूप खरवडून तळहातावर चोळले तर जुन्या खोबऱ्यासारखा तीव्र वास आला. खड्ड्याच्या तळाचे तूप चोळले तर तोच वास, पण बराच कमी. तूप बाहेरून आत बिघडत गेले होते.

चूक एकट्या वहिनींची नव्हती. बरणी सुंदर दिसावी म्हणून पारदर्शक काच मी निवडली होती, आणि ती कुठे, कशी ठेवायची हे एका शब्दाने सांगितले नव्हते. ते आता सांगते.

तूप बिघडते म्हणजे नेमके काय होते

लोण्यात साधारण सहाव्या भागाइतके, घरच्या लोण्यात त्याहूनही जास्त पाणी असते. शिवाय ताकाचा अंश असतो. कढवताना पाणी उडून जाते, ताकातला घट्ट भाग बेरी होऊन खाली बसतो आणि जवळजवळ निव्वळ स्निग्धांश उरतो. चांगल्या तुपात पाणी अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नये, असा आपल्याकडचा अन्नसुरक्षा नियमही आहे. पाणीच नसल्याने त्यात बुरशी वाढत नाही, जिवाणू तग धरत नाहीत. म्हणूनच दूध एका दिवसात, लोणी काही दिवसांत बिघडते आणि तूप महिनोन्‌महिने बाहेर राहते.

पण त्याला दोन शत्रू उरतातच. पहिला शत्रू हवा. हवेतला ऑक्सिजन स्निग्धांशाला हळूहळू मोडतो. उष्णता असेल तर वेगाने, उजेड असेल तर आणखी वेगाने. त्यातून जो वास येतो तो जुने खोबरे, जुने शेंगदाणे किंवा कपाटात राहिलेल्या तेलाच्या बाटलीसारखा असतो. वहिनींच्या बरणीत हेच झाले. वडोदऱ्याचा मे महिना चाळीस अंशांवर जातो, त्यात गॅसची वाफ आणि ऊन. कडेचा पातळ थर सगळ्यात जास्त हवा खातो, म्हणून तो आधी गेला.

दुसरा शत्रू पाणी. ओला चमचा, झाकणावरून गळलेला थेंब, किंवा कढवतानाच राहून गेलेला ओलावा. पाणी आणि बेरीचे कण एकत्र आले की तिथे सूक्ष्मजीवांना आसरा मिळतो आणि स्निग्धांशातून आम्ले सुटी होऊ लागतात. दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिक नावाचे एक आम्ल असते. बांधलेले असते तोवर त्याचा उपद्रव नाही. सुटे झाले की फार थोडेही नाकाला झोंबते. हा वास खोबऱ्यासारखा नसतो. तो आंबट, उग्र, बाळाने दूध ओकल्यानंतर येतो तसा असतो. हे दोन वास वेगळे ओळखता आले तर तुमच्याकडे काय चुकले हेही कळते. जुन्या खोबऱ्याचा वास म्हणजे हवा, ऊन, उष्णता. आंबट ओकारीचा वास म्हणजे ओलावा, किंवा तूप करणाऱ्याची चूक.

होय, करणाऱ्याची. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडून ती झाली आहे. साय दहा-बारा दिवस फ्रीजमध्येच साठत राहिली, आंबट वास येऊ लागला तरी “कढवल्यावर जाईल” म्हणून मी ती वापरली. जात नाही. सायीत आधीच सुटी झालेली आम्ले बरीचशी तुपात उतरतात. त्यात घाई होती म्हणून कढई लवकर उतरवली. ते तूप तीन आठवड्यांत उग्र झाले, माझी नमुन्याची बाटलीसुद्धा. सगळ्या बरण्या परत घेतल्या. तेव्हापासून साय आठवड्यावर जाणार असेल तर ती फ्रीझरमध्ये टाकते.

कढईपाशी जे ठरते

हे तुम्हाला माहीत असावे, म्हणजे कोणाकडूनही तूप घेताना योग्य प्रश्न विचारता येतील. लोणी आधी दोन-तीन गार पाण्यांतून, पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत धुवायचे. ताक राहिले तर बेरी जास्त आणि तूप कमी टिकाऊ. मग मंद आचेवर ठेवायचे. सुरुवातीला मोठ्याने खळखळ ऐकू येते, वर पांढरा फेस असतो. ते पाणी उकळते आहे. पाणी संपत आले की आवाज खाली येतो, मोठे बुडबुडे जाऊन बारीक, नितळ बुडबुडे राहतात, तळ दिसू लागतो, बेरी सोनेरी होते. बरेच जण खळखळ थांबली की लगेच गॅस बंद करतात. तिथे आणखी चार-पाच मिनिटे धीर धरायचा असतो. बेरी बदामी रंगाची झाली की बंद. गरम कढईत ती आणखी थोडी शिजतेच, म्हणून तपकिरी होईपर्यंत थांबलात तर जळका वास येतो. जळका वास म्हणजे खवटपणा नव्हे, पण चव गेलीच.

माझी सासू कढवताना शेवटी विड्याचे पान टाकत असे. आमच्या तेलुगू शेजारीण कढीपत्ता टाकतात. दोन्हींमागे केवळ वासाची आवड नाही. या पानांतल्या घटकांमुळे तूप खवट होणे लांबते, हे दुग्धशास्त्रातल्या प्रयोगांतही दिसले आहे. पान मात्र गाळताना काढून टाकायचे. बरणीत ठेवले तर तोच ओलावा.

कोमट झाले की कोरड्या मलमलीतून गाळायचे आणि बरणीवर जाळी टाकून पूर्ण निवू द्यायचे. गरम तुपावर झाकण लावले की वाफ झाकणाला लागते, थेंब बनते आणि पुन्हा आत पडते. अर्धा तास वाचवण्यासाठी महिन्यांचे आयुष्य जाते.

तूप नीट कढले आहे का हे तुम्हीही घरी पाहू शकता. फुलवात त्या तुपात भिजवून निरांजनात लावा. ज्योत शांत जळली तर ओलावा नाही. तडतड करून ठिणग्या उडाल्या तर पाणी आहे. फक्त वात आणि निरांजन आधी अगदी कोरडे हवे, नाहीतर विनाकारण तूपवाल्या बाईला बोल लागेल.

घरी आणल्यावर

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एकच आहे, म्हणून ती सविस्तर सांगते. अर्धा किलो तूप एकाच बरणीतून रोज काढत बसू नका. आणल्या दिवशीच शंभर-दीडशे ग्रॅम एका छोट्या, कोरड्या डबीत काढा. रोजच्या वापराला ती डबी. मोठी बरणी घट्ट झाकून अंधाऱ्या, गार फडताळात, गॅसपासून दूर. डबी संपली की ती धुवून, पुसून, उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण वाळवून पुन्हा भरा. यामुळे मोठी बरणी पंधरा-वीस दिवसांतून एकदाच उघडते. काकूंच्या घरी हेच होते. त्यांना हे कोणी शिकवले नव्हते. त्यांच्या आईकडे मोठी चिनी मातीची बरणी देवघराच्या खोलीत आणि छोटा तुपाचा गडू स्वयंपाकघरात असायचा, एवढेच.

जुने थोडे उरलेले असताना त्यावर नवे ओतू नका. जुन्यात सुरू झालेला खवटपणा नव्याला लवकर धरतो. कडेचे खरवडून आधी वापरून टाका.

चमचा कोरडा, आणि आत ठेवलेला नको. गरम पोळीचा तुकडा किंवा मोदक थेट बरणीत बुडवायचा मोह आवरा. वाटीत घ्या. थंडीत तूप दगडासारखे झाले की पूर्ण बरणी गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळवण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. दर वेळी गरम केल्याने तुपाचे वय वाढते. हवे तेवढे वाटीत काढा आणि वाटी गरम पाण्यात ठेवा.

भांडे म्हणाल तर स्टील, काच किंवा चिनी माती. काच असेल तर ती अंधारात हवी. मी आता बरणीला खाकी कागद गुंडाळून देते. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तूप अजिबात साठवू नका, दिसायला कितीही घरंदाज असो. तांब्याचा आणि लोखंडाचा अंश खवटपणाला चालना देतो. पातळ प्लास्टिकचा डबा जुना वास धरून ठेवतो, म्हणून तोही नको.

फ्रीजबद्दल खूप विचारणा होते. ठेवायला हरकत नाही, जास्तच टिकते. पण मग ती बरणी फ्रीजमध्येच राहू द्या. गार बरणी रोज बाहेर काढून, उघडून, परत आत ठेवली की दमट हवेतले पाणी आत धरते. चेन्नई, मुंबई, गोवा अशा समुद्राकाठच्या घरांत तर हमखास. साठ्याची बरणी आत, रोजची डबी बाहेर, हा हिशेब तिथेही चालतो. आतल्या बरणीतून डबी भरायची असेल तर बरणी बंदच ठेवून आधी बाहेरच्या हवेइतकी होऊ द्या, बाहेरचे पाणी पुसा, मग उघडा.

किती दिवस टिकेल, याचे माझे स्वतःचे मोजमाप सांगते. नीट कढवलेले, कोरडे तूप उघडलेल्या डबीत एक महिना. बंद, अंधाऱ्या फडताळात तीन महिने निर्धास्त, थंडीच्या दिवसांत चार-पाचही. फ्रीजमध्ये न उघडलेली बरणी आठ-दहा महिने. दुकानातल्या डब्यांवर यापेक्षा मोठी मुदत दिसते. तिथे ओलावा यंत्रांनी मोजलेला असतो आणि डबा हवाबंद असतो. घरच्या तुपाकडून ती अपेक्षा करू नका आणि ती मुदत सांगणाऱ्या घरगुती विक्रेत्यावर विश्वासही ठेवू नका.

बिघडलेले नसते, तरी बिघडल्यासारखे दिसते

माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींत निदान सात या प्रकारच्या असतात. तूप रवाळ झाले, दोन थर झाले, रंग बदलला. यात काहीही बिघडलेले नसते.

तुपातले काही घटक लवकर गोठतात, काही उशिरा. हळूहळू निवले की लवकर गोठणारे एकत्र येऊन दाणे धरतात आणि वर पिवळसर पातळ तूप राहते. तेच तूप फ्रीजमध्ये झटकन गार केले तर दाणे न होता मेणासारखे गुळगुळीत गोठते. एका ताईंनी वडोदऱ्याहून मुलाकडे चेन्नईला तूप पाठवले. वाटेत उन्हाने वितळले, रात्री गोठले, पुन्हा वितळले. पोहोचले तेव्हा खाली दाणे, वर पाणी तरंगावे तसे. मुलाने फोटो पाठवून विचारले, भेसळ आहे का? मी म्हटले, हुंगून बघ. वास उत्तम होता. कोमट करून ढवळल्यावर एकजीव झाले.

रंगाचेही तसेच. गाईचे तूप पिवळे, म्हशीचे पांढरट, आणि गाय हिरवा चारा खाते तेव्हा जास्त पिवळे. माझ्या दोन वेळच्या तुपांचा रंग जुळला नाही तर काळजी करू नका. एकाच बरणीतले तूप महिनाभरात वरच्या बाजूने फिके पडले असेल तर मात्र ते उजेडात होते असे समजा आणि वास तपासा.

शंका आली तर

थंड, गोठलेले तूप वास लपवते. म्हणून बरणीत नाक घालून निर्णय करू नका. अर्धा चमचा तूप वाटीत कोमट करा. एक नमुना कडेचा घ्या, एक मधला. तळहातावर चोळा, मिनिटभर थांबा, मग हुंगा. ताज्या तुपाचा वास तोवर सौम्य होतो. खवट तुपाचा वास उलट वर येतो. अजून ठरत नसेल तर थेंबभर जिभेवर ठेवा. चांगले तूप गोड लागून विरघळते. बिघडलेले मागून कडवट लागते आणि घशात खवखवते. घरात कोणाला सर्दी असेल तर ही परीक्षा दुसऱ्याला करू द्या. माझ्या यजमानांनी एकदा चोंदलेल्या नाकाने खवट तुपाला उत्तम ठरवले होते.

बुरशीचा ठिपका दिसला, हिरवा, काळा, कसलाही, तर वरचा भाग काढून बाकीचे वापरू नका. सगळेच टाका. बुरशी आली म्हणजे आत पाणी आहे, आणि ते कुठवर गेले आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

खवट तूप पुन्हा कढवले की सुधारते, असे सांगणाऱ्या भेटतील. त्याने वास काही काळ दबतो. मोडलेला स्निग्धांश पुन्हा जुळत नाही आणि नव्या उष्णतेने आणखी मोडतो. मसाल्याच्या भाजीत लपवू नका, लाडवात तर नकोच. चुकून एखादा चमचा पोटात गेला तर घाबरण्याचे कारण नाही, पण असे तूप रोज खाण्याचे नाही. त्यातली अ आणि ई जीवनसत्त्वेही कमी झालेली असतात. बाळाला आणि बाळंतिणीला तर मुळीच देऊ नका. टाकवत नसेल तर बाहेरच्या पणतीला वापरा. मोरीत ओतू नका, गोठून नळी तुंबते.

वहिनींना मी दुसरी बरणी दिली, आणि लाडवांच्या सामानातला अर्धा वाटा घेतला. त्यांनी आधी थोडे तूप तळहातावर चोळून पाहिले, मग डिंक तळायला घेतला. आता प्रत्येक बरणीवर मी तीन गोष्टी लिहिते: कढवल्याची तारीख, गाईचे की म्हशीचे, आणि “छोट्या डबीत काढून वापरा”. तारीख नसलेली बरणी माझ्याकडून आली तर घेऊ नका. आणि वासाची शंका आली तर लाडू वळण्याआधी फोन करा, बरणी तशीच ठेवा. माझी नमुन्याची बाटली फडताळात आहे. दोन्ही शेजारी ठेवून हुंगू.